‘ओके, टाकून दे’ म्हणणाऱ्यांनो, आधी स्लाइड उघडा!

मी दुकानांसाठी इन्स्टाग्रामच्या पोस्ट बनवतो. रात्री साडेनऊला दहा स्लाइडचं कॅरोसेल, म्हणजे एकाच पोस्टमधली सरकवत बघायची दहा चित्रं, मालकाला तपासायला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, की दहा सेकंदांत अंगठा येतो. पाठोपाठ मेसेज, ‘ओके, टाकून दे.’ अरे भाऊ, दहा सेकंदांत दहा चित्रं उघडतही नाहीत, तू वाचलं काय? संताप येतो मला या अंगठ्याचा!

नागपूरच्या गांधीबागेतल्या एका साडीच्या दुकानाचं परवा असंच झालं. कव्हरवर ‘३०% सूट’. चौथ्या स्लाइडवर साडीची मूळ किंमत २,५०० आणि सूट देऊन १,८५०. २,५०० चे ३०% म्हणजे ७५०, उरले १,७५०. आठव्या स्लाइडवर तीच साडी १,७५० ला. आणि खाली कॅप्शनमध्ये २५%, कारण ते मागच्या सेलच्या पोस्टवरून उचललेलं. एकाच पोस्टमध्ये एकाच साडीचे दोन भाव, सवलतीचे दोन आकडे! दुसऱ्या दिवशी बायका मोबाइल पुढे करून भांडल्या, आणि ते सगळं काउंटरवरच्या पोरीनं ऐकून घेतलं. तिचा काय दोष? मालक तेव्हाही म्हणतो, ‘काऊन एवढा तापतोस बे, आकडा बदलून टाक ना.’

बदलता येत नाही, हेच तर ओरडून सांगतो आहे! इन्स्टाग्रामवर कॅप्शन नंतर सुधारता येतं. नको ती स्लाइड काढताही येते. पण पोस्ट झालेल्या स्लाइडच्या जागी दुरुस्त केलेलं चित्र बसवता येत नाही. मग अख्खी पोस्ट उडवा, पुन्हा टाका, आणि आधीचे लाइक, कमेंट, सेव्ह सगळे गेले. म्हणून आकडे तपासायचे ते पोस्ट करण्याआधी, आणि तेही स्लाइडवरून स्लाइडवर नाही. दुकानाचा भावांचा कागद शेजारी ठेवायचा, एकेका साडीचं नाव घेऊन कागद, स्लाइड आणि कॅप्शन तिन्ही ठिकाणी बोट ठेवायचं, सूट कॅल्क्युलेटरवर करून बघायची. कव्हरवर ‘७ साड्या’ लिहिलं असेल तर आतल्या साड्या मोजायच्या. पाच मिनिटांचं काम आहे!

क्रमाचा घोळ तर आणखी चीड आणणारा. फाइलींची नावं 1.png, 2.png, पुढे 10.png. काही ठिकाणी नावं अक्षराअक्षरानं लावली जातात, तिथं 1.png च्या मागे थेट 10.png येऊन बसते. दुकानातल्या पोरानं गॅलरीत दिसलं तसं एकामागून एक टिचकावलं, आणि इन्स्टाग्राम तर टिचकावलेल्या क्रमानंच स्लाइड लावतं. झालं! कव्हरनंतर लगेच ‘ऑफर रविवारपर्यंत, पत्ता असा असा’, साड्या मागाहून. 01.png, 02.png अशी नावं द्या म्हणून कितीदा सांगायचं? आणि पोस्ट करण्याआधी प्रीव्ह्यूमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा सरकवत जायला काय जातं?

कापलेल्या अक्षरांवर तर कोणी बोलतच नाही. २०२५ च्या जानेवारीत इन्स्टाग्रामनं प्रोफाइलवरचे चौकोन उभे केले, ३:४ चे. आपली स्लाइड १०८० बाय १३५०. ती त्या खिडकीत बसवली की दोन्ही बाजूंनी साधारण ३४ पिक्सेल कापले जातात. जुने साचे वर-खाली जागा सोडून बनवलेले, कारण तेव्हा कापलं जायचं वर-खाली. या दुकानाचं ‘३०%’ डाव्या कडेला चिकटवलेलं होतं, प्रोफाइलवर ३ अर्धा गायब. पोस्ट उघडली की ठीक, प्रोफाइलवर वाट लागलेली, म्हणून दोन्हीकडे बघावं लागतं.

आणि आपली मराठी तर वरही वाढते, खालीही वाढते. मजकुराची चौकट घट्ट ठेवली की आधी बळी जातो रफाराचा. ‘मर्यादित साठा’चं ‘मयादित साठा’ झालेलं मी कॉम्प्युटरवर नाही, फोनवर झूम करून पकडलं. चित्रातल्या अक्षरांखाली कोणतंही अ‍ॅप लाल रेघ ओढत नाही. ते माणसानंच वाचायचं असतं, आणि ज्यानं लिहिलं त्यानं नाही, कारण त्याला डोक्यातलंच वाक्य दिसतं. दुसऱ्या कोणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा, शेवटच्या स्लाइडपासून उलट. वाक्यांचा ओघ तुटला की शब्द दिसायला लागतात.

आता माझ्याकडून ऐकून ठेवा. भावांचा कागद आल्याशिवाय आणि प्रत्येक स्लाइडचा नंबर लिहून ‘वाचली’ असं उत्तर आल्याशिवाय मी काहीही पोस्ट करणार नाही. दिवाळी असो की पोळा, रात्रीचे साडेनऊ असोत की साडेअकरा. नुसता अंगठा चालणार नाही!