मोहर्ली रस्त्यावरील आमच्या घराबद्दलच्या अभिप्रायास उत्तर

पाहुण्यांचा अभिप्राय: "नवतपात तीन रात्री राहिलो. रात्रीचे 4,500 रुपये घेऊन एसी दर दहा मिनिटांनी बंद! बाहेर जाऊन पाहिले तर केअरटेकर टॉर्च घेऊन मेन बोर्डाजवळ उभा. वीजबिल वाचवण्यासाठी मालक मुद्दाम एसी बंद करतात, इतका कंजूषपणा कुठेच पाहिला नाही. कूलरला कुबट वास, लावला तर खोली चिकट. सफारीचा डबाही एके दिवशी उशिरा आला. वाघ दिसला, पण झोप नाही. दोन स्टार."

आदरणीय पाहुणे,

सप्रेम नमस्कार. आपण लहान मुलांना घेऊन आमच्या घरी आलात आणि आपल्याला रात्रभर उकाड्यात जागावे लागले, याबद्दल मी व माझी पत्नी आपली मनापासून क्षमा मागतो. कूलरच्या वासाची आणि डब्याची तक्रार पूर्णपणे खरी आहे, त्याविषयी पुढे लिहितोच. मात्र वीजबिलासाठी आम्ही मुद्दाम एसी बंद केला, हे वाक्य वाचून घरात दोन दिवस कोणाला धड जेवण गेले नाही. म्हणून त्या रात्री नेमके काय घडले, ते थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी घेतो.

आमचे घर गावाच्या डीपीपासून निघणाऱ्या लाइनच्या अगदी शेवटच्या खांबावर आहे. घरात 230 व्होल्टच्या आसपास वीज यायला हवी, आणि दिवाळीच्या सुमारास ती तशी येतेही. मे महिन्यात मात्र संध्याकाळी सात वाजल्यापासून गावातला प्रत्येक कूलर आणि आजूबाजूच्या निवासांतला प्रत्येक एसी एकाच डीपीवर चालू होतो, आणि शेवटच्या खांबापर्यंत येता येता व्होल्टेज पडते. पंखा मंदावतो, बल्ब पिवळसर दिसू लागतो. चंद्रपूरहून येताना आपल्याला वीज केंद्राची धुराडी दिसली असतील. वीज आमच्याच जिल्ह्यात तयार होते आणि आमच्याच शेवटच्या खांबावर ती दमून पोहोचते, हे पाहुण्यांना समजावताना आम्हालाही संकोच वाटतो.

आपल्या खोलीच्या एसीला जो स्टॅबिलायझर आहे, तो 170 ते 270 व्होल्टच्या दरम्यान काम करतो. व्होल्टेज 170 च्या खाली गेले की आतून टक असा आवाज येतो, तो एसीची वीज तोडतो आणि वीज सुधारल्यावरही साधारण तीन मिनिटे थांबून मगच पुन्हा जोडतो, कारण कॉम्प्रेसरमधील गॅसचा दाब समान होण्याआधी तो सुरू केला तर मोटर अडकते. एसी सुरू झाला की तो स्वतःच लाइनवर आणखी ओढ देतो, व्होल्टेज पुन्हा पडते आणि पुन्हा टक. हा खेळ बाहेरून कोणी बटण दाबते आहे असाच भासतो, त्यामुळे आपल्याला संशय आला यात आपली चूक नाही. त्या रात्री साडेदहाच्या सुमारास स्टॅबिलायझरवर 158 हा आकडा दिसत होता. तो आमच्या दादांनी मला फोन करून सांगितला होता.

आपण ज्यांना टॉर्च घेऊन बोर्डाजवळ पाहिले, ते हेच दादा. ओढ कमी व्हावी म्हणून ते अंगणातले दिवे, पाण्याची मोटर आणि स्वतःच्या खोलीतला कूलर बंद करत होते. ते त्या रात्री अंगणात खाट टाकून झोपले, हे आपल्याला कळायचे काही कारण नव्हते. तथापि एक गोष्ट लपवत नाही. साडेअकराला त्यांनी आपल्या एसीचे बटणही बोर्डावरून खाली केले, कारण कमी व्होल्टेजवर वारंवार सुरू होणाऱ्या कॉम्प्रेसरची वायंडिंग तापून जळते. त्यांचे करणे योग्य होते, पण दार वाजवून आपल्याला सांगितल्याशिवाय ते करणे योग्य नव्हते. पाहुण्यांची झोप मोडू नये म्हणून त्यांनी दार वाजवले नाही आणि पाहुणे तर जागेच होते. त्यांना तशी सूचना देण्याची जबाबदारी माझी होती.

मोठ्या पल्ल्याचा, 130 व्होल्टपासून चालणारा स्टॅबिलायझर का बसवला नाही, असे आपण विचाराल. दीड टनाचा आमचा एसी पूर्ण व्होल्टेजवर सुमारे सात अँपिअर घेतो. 160 वरून ते वर चढवून द्यायचे तर स्टॅबिलायझर लाइनमधून दहाच्या आसपास ओढतो, आणि मग शेजारच्या घरातला पंखाही बसतो. इन्व्हर्टरवर दिवे, पंखे आणि कूलर काही तास चालतात, एसी चालत नाही. खरा उपाय डीपीची क्षमता वाढण्यात आहे. त्यासाठीचा अर्ज दिलेला आहे. मात्र हे सारे नोंदणीच्या पानावर स्पष्ट न लिहिता आम्ही केवळ ‘वातानुकूलित खोली’ एवढेच लिहिले होते, आणि त्या एका शब्दावर विश्वास ठेवून आपण पैसे भरलेत. इथे आमची बाजू लंगडी आहे.

आता कूलर. त्याच्या ताट्या मागच्या हंगामातल्या होत्या आणि टाकीतले पाणी आपण येण्यापूर्वी बदललेले नव्हते. वास त्याचाच होता. टाकी दर तीन दिवसांनी रिकामी करून घासायची आणि ताट्या फाल्गुनातच बदलायच्या, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असते, त्यामुळे यावर सारवासारव करण्याजोगे काही नाही. चिकटपणाचे कारण वेगळे. आमच्याकडची हवा कोरडी असते म्हणून कूलर गारवा देतो, पण त्यासाठी समोरची खिडकी चार बोटे उघडी लागते, नाहीतर ओली हवा खोलीतच साचते. आपण खिडकी बंद ठेवली होती. प्रथम वाटले की हे तरी आपल्याला सांगावे, पण नंतर जाऊन पाहिले तर त्या खिडकीची जाळी कोपऱ्यात फाटलेली होती. दिव्यावर किडे येत असताना मुलांच्या खोलीची खिडकी कोण उघडी ठेवील? जाळी बदलली आहे, ताट्याही वाळ्याच्या नव्या घातल्या आहेत.

डबा दुसऱ्या दिवशी वीस मिनिटे उशिरा आला, आणि पहाटेच्या सफारीत वीस मिनिटे म्हणजे काय ते प्रवेशद्वारावरच्या रांगेत उभे राहणाऱ्यालाच कळते. डबा रात्रीच भरून ठेवावा म्हटले तर या उन्हाळ्यात भाजी आंबते, म्हणून आता कोरडे ठेपले, चटणी आणि उकडलेली अंडी असा काही बदल करण्याचा विचार आहे. स्वयंपाकाच्या वेळेबाबतही योग्य ती काळजी घेऊ.

एसी बंद राहिला त्या रात्रीचे 4,500 रुपये आपण ज्या मार्गाने भरले होते त्याच मार्गाने परत पाठवले आहेत, कृपया पाहून घ्यावेत. अभिप्राय बदलावा अशी आमची विनंती नाही. नोंदणीच्या पानावर आता असे लिहिले आहे: ‘एप्रिल ते जूनमध्ये संध्याकाळी सात ते रात्री बारा या वेळेत एसी चालेलच याची खात्री नाही. प्रत्येक खोलीत कूलर आहे, तो इन्व्हर्टरवर चालतो.’ हे वाचून दोन नोंदण्या रद्द झाल्या आहेत, ती मजकुराची किंमत आहे आणि ती आम्ही मोजू. दादांना मात्र आपण भेटल्यास कंजूषपणाचा विषय काढू नये, एवढी एक विनंती. त्यांनी तो अभिप्राय वाचलेला नाही आणि आम्ही तो वाचून दाखवलेला नाही.

आपला नम्र,
घरमालक