बाणाची शेपटी कुठे आहे ते आधी दाखवा

"ऑर्गॅनिकच्या मेकॅनिझमला घाबरू नका. बाण म्हणजे कोण कुठे गेला, एवढंच. H⁺ निघाला की H पासून बाण काढा. मायनस दिसला की मायनसपासून काढा. बाण कुठून सुरू झाला ते कुणी बघत नाही, शेवटचा प्रॉडक्ट बरोबर आला की पूर्ण मार्क. पुढे पाठवा."

परीक्षेच्या आठवड्यात हा मजकूर माझ्याकडे तीन वेगवेगळ्या मुलांकडून आला. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका खोलीत मी संध्याकाळी बी.एस्सी.च्या मुलांना ऑर्गॅनिक शिकवतो. तिघांपैकी एकीने खाली विचारलं होतं, "सर, मार्क तर मिळतात की ओ?" मिळतात कधीकधी, हे आधीच कबूल करतो. घाईत तपासलेल्या पेपरात उलट्या बाणांनाही मार्क पडलेले मी पाहिलेत. पण तो तपासणाऱ्याच्या घाईचा गुण, बाणाचा नव्हे.

मुळात गडबड "कोण कुठे गेला" इथेच आहे. वाकडा बाण अणूचा प्रवास दाखवतच नाही. तो इलेक्ट्रॉनच्या एका जोडीचा प्रवास दाखवतो. केरमॅक आणि रॉबिन्सन यांनी १९२२ साली असे बाण पहिल्यांदा छापले, तेही इलेक्ट्रॉन कुठे सरकतात हे सांगण्यासाठीच. म्हणून शेपटी जिथे जोडी आहे तिथेच ठेवता येते, आणि अशा जागा दोनच: एखाद्या अणूवरची लोन पेअर, नाहीतर दोन अणूंमधला बंध. टोकालाही दोनच जागा. जोडी एखाद्या अणूवर जाऊन बसते आणि तिथली लोन पेअर होते, किंवा दोन अणूंच्या मधे जाऊन नवा बंध होते. एकेकटा इलेक्ट्रॉन सरकतो तेव्हा गळासारखा अर्ध्या टोकाचा बाण वापरतात. ती रॅडिकलची गोष्ट, तिला इथे आणत नाही.

एकच उदाहरण घेऊ या, सगळ्यांच्या ओळखीचं: एथिल ॲसिटेट आणि सोडियम हायड्रॉक्साइड. फिजिकलच्या प्रॅक्टिकलला वेग काढायला हीच रिॲक्शन करता आणि दर काही मिनिटांनी नमुना काढून टायट्रेट करत बसता. शेंगदाण्याच्या तेलाचा साबण होतो तेव्हाही एका रेणूत हीच तीनदा होते. या मेकॅनिझममध्ये एकूण सहा बाण आहेत. पायरीला दोन, अशा तीन पायऱ्या.

पहिल्या पायरीत एक बाण OH⁻ च्या ऑक्सिजनवरच्या लोन पेअरपासून निघतो आणि कार्बोनिल कार्बनवर टेकतो, म्हणजे त्या दोघांच्या मधे नवा बंध होतो. दुसरा C=O च्या दुहेरी बंधापासून निघतो आणि त्यातल्याच ऑक्सिजनवर टेकतो. हा दुसरा बाण विसरणारी मुलं वर्गात निम्मी तरी असतात. तो विसरला तर काय होतं ते मोजून बघा. कार्बनचे आधीचे चार बंध तसेच राहिले आणि पाचवा आला, म्हणजे कार्बनभोवती दहा इलेक्ट्रॉन. कार्बनला आठच्या वर परवडत नाही. बंध देणारी नवी जोडी आत आली की जुनी एक बाहेर जायला हवी, आणि ती कुठे गेली हे सांगणं हेच दुसऱ्या बाणाचं काम.

दुसरी तपासणी चार्जची. पायरीच्या आधी एकूण चार्ज उणे एक होता. OH चा ऑक्सिजन स्वतःची जोडी आता कार्बनबरोबर वाटून घेतो, म्हणून त्याचा उणे जातो. कार्बोनिलच्या ऑक्सिजनला वाटून घेतलेली जोडी पूर्ण मिळते, म्हणून उणे त्याच्यावर येतो. बेरीज पुन्हा उणे एक. ही बेरीज प्रत्येक पायरीनंतर जमलीच पाहिजे. नाही जमली तर एखादा बाण चुकलाय किंवा चार्ज लिहिताना हात घसरलाय, तिसरं कारण नसतं.

दुसऱ्या पायरीत आता उणे असलेल्या ऑक्सिजनची लोन पेअर खाली येते. तिच्या बाणाचं टोक त्या ऑक्सिजनच्या आणि कार्बनच्या मधे काढायचं, कारण तिथे पुन्हा दुहेरी बंध तयार होतो. त्याच वेळी C–OC₂H₅ या बंधापासून बाण निघून C₂H₅O च्या ऑक्सिजनवर टेकतो. इथे मुलं शेपटी कार्बनवर ठेवतात आणि म्हणतात, "सर, कार्बनपासून तुटलं ना?" तुटलं, पण कार्बनकडे द्यायला मोकळी जोडी नाही. जी जोडी जाते ती बंधातली. शेपटी बंधाच्या रेषेवरच हवी, पेनाचं टोक रेषेला लागलेलं दिसलं पाहिजे.

तिसरी पायरी म्हणजे मेसेजातला H. समोर आता ॲसिटिक ॲसिड आणि C₂H₅O⁻ आहेत. ॲसिडचा H⁺ एथॉक्साइडकडे जातो, आणि "H पासून बाण काढा" हा सल्ला इथेच लागू करतात. तो बाण अक्षरशः वाचून बघू. शेपटी H वर आहे, म्हणजे H जवळ दोन इलेक्ट्रॉनची जोडी आहे आणि ती तो एथॉक्साइडच्या ऑक्सिजनला देतोय. H⁺ जवळ तर एकही इलेक्ट्रॉन नाही. पुढे, एथॉक्साइडच्या ऑक्सिजनचे आठ आधीच भरलेले आहेत. त्याला आणखी जोडी दिली तर त्याचे दहा होतात. आणि ॲसिडच्या ऑक्सिजनकडून जोडी गेली तर त्याच्यावर अधिक चार्ज यायला हवा, पण आपण उत्तरात CH₃COO⁻ लिहितो. म्हणजे एकाच बाणात तीन गोष्टी उलट्या. बरोबर बाण असे: एथॉक्साइडच्या ऑक्सिजनवरच्या लोन पेअरपासून H कडे एक, आणि O–H बंधापासून ॲसिडच्या ऑक्सिजनवर दुसरा. H उजवीकडे सरकतो आणि बाण डावीकडे वळतो, म्हणून डोळ्याला विचित्र दिसतं. बेस H ला ओढून घेतो, H उडी मारत नाही, असं मी वर्गात सांगतो.

ही शेवटची पायरी नुसती औपचारिक नाही. ॲसिटिक ॲसिडचा pKa ४.७६ आणि इथेनॉलचा साधारण १६. फरक अकराच्या आसपास, म्हणजे समतोल जवळजवळ दहाच्या अकराव्या घाताने ॲसिटेटच्या बाजूला. साबणीकरण परत फिरत नाही ते या दोन बाणांमुळे, आणि NaOH कॅटॅलिस्ट न राहता पुरता खर्च होतो तोही इथेच.

मायनसचं म्हणाल तर तिथे मी थोडा सैल आहे. OH⁻ किंवा C₂H₅O⁻ वर उणे चिन्हापासून बाण काढला तर मी मार्क कापत नाही, कारण तिथे उणे चिन्ह म्हणजे ऑक्सिजनवरची एक लोन पेअरच. अनेक पुस्तकांत तसे बाण छापलेले असतात. पण सवय लागली की NaBH₄ ला ती फसवते. BH₄⁻ मध्ये उणे बोरॉनवर लिहितात, आणि बोरॉनवर लोन पेअर एकही नाही. त्याचे आठही इलेक्ट्रॉन चार B–H बंधांत अडकलेले आहेत. ॲसिटोनचं रिडक्शन लिहिताना उणेपासून कार्बोनिल कार्बनकडे बाण काढला की त्याचा अर्थ B–C बंध तयार झाला, असा होतो. तसं काही होत नाही. बाण B–H बंधापासून निघायला हवा, कारण H तीच जोडी घेऊन कार्बनकडे जातो. गंमत अशी की इथे H खरोखर बाणाच्या दिशेने जातो, आणि वरच्या तिसऱ्या पायरीत बाणाच्या विरुद्ध गेला होता. H कडे बघून बाण काढणाऱ्याला यातलं एक तरी चुकणारच.

आता "प्रॉडक्ट बरोबर आला की झालं". माझी खरी हरकत याला आहे, कारण हे खोडायला याच रिॲक्शनचा प्रयोग आहे.

समजा एखाद्या मुलाने दोनच बाण काढले. OH⁻ ची लोन पेअर एथिल गटातल्या CH₂ च्या कार्बनवर, आणि त्या कार्बनचा ऑक्सिजनशी असलेला बंध त्या ऑक्सिजनवर. मिळतं काय? CH₃COO⁻ आणि C₂H₅OH. प्रॉडक्ट तंतोतंत तेच. शेपट्या जोड्यांवर, टोकं योग्य जागी, कुठल्याही कार्बनला पाच बंध नाहीत, चार्जची बेरीज उणे एक. माझ्या सगळ्या तपासण्यांतून हे उत्तर पास होतं. तरीही ते चूक आहे, आणि कागदाकडे कितीही वेळ बघून ते कळत नाही.

ते कळलं ते जड ऑक्सिजनमुळे. पोलान्यी आणि झाबो यांनी १९३४ साली अमाइल ॲसिटेटचं अल्कलीतलं हायड्रॉलिसिस ऑक्सिजन-१८ जास्त असलेल्या पाण्यात केलं. दोन मार्गांतला फरक असा: OH⁻ जर अल्कोहोलच्या कार्बनवर जाऊन बसला तर पाण्यातला जड ऑक्सिजन अल्कोहोलात यायला हवा, कार्बोनिल कार्बनवर बसला तर तो ॲसिडच्या बाजूला जाईल आणि अल्कोहोलात एस्टरचा जुना, साधा ऑक्सिजन राहील. निघालेल्या अमाइल अल्कोहोलात जड ऑक्सिजन नव्हता. म्हणजे तुटला तो ॲसिल कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यामधला बंध. दोन बाणांचं उत्तर बाद, सहा बाणांचं टिकलं. शेपटी कुठल्या बंधावर ठेवली याचा अर्थ बाटलीत मोजता येतो तो असा.

म्हणून पेपर तपासताना माझा क्रम असा असतो. आधी प्रत्येक शेपटीवर बोट ठेवून विचारतो, इथे जोडी आहे का. मग टोकाकडे: जिथे जोडी पोचली तिथे आठाच्या वर गेले का, गेले तर बाहेर जाणारा बाण कुठाय. मग चार्जची बेरीज. कुठला बंध तुटतो हा प्रश्न यानंतरचा, आणि त्याचं उत्तर रिॲक्शनची परिस्थिती बघूनच द्यावं लागतं. मेसेज पाठवणाऱ्या त्या मुलीचे सहा बाण मी याच क्रमाने तिच्यासमोर तपासले. चार पास झाले. नापास झालेल्यांपैकी एक दुसऱ्या पायरीतला, कार्बनवरून निघालेला, आणि एक तो H वाला. प्रॉडक्ट अर्थातच बरोबर होता.

मग तिने विचारलं, एस्टर कुठलाही असला तरी तोच बंध तुटतो का? नाही. टर्शरी ब्युटिल ॲसिटेट ॲसिडमध्ये घेतलं तर आधी कार्बोनिलच्या ऑक्सिजनवर प्रोटॉन बसतो, आणि नंतरचा बाण टर्शरी ब्युटिलचा कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यामधल्या बंधापासून निघून त्या ऑक्सिजनवर टेकतो, कारण मागे उरणारा टर्शरी कार्बोकॅटायन टिकाव धरतो. तिथे ऑक्सिजन-१८ जास्त असलेलं पाणी वापरलं तर जड ऑक्सिजन अल्कोहोलात सापडतो. तिने वहीत त्याचे बाण काढले. या वेळी प्रोटॉनचा बाण ऑक्सिजनच्या लोन पेअरपासून निघालेला होता.