खुलासा: वारंवार गर्भपात आणि टॉर्च टेस्ट

ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "दोनदा गर्भपात झाला असेल तर आधी टॉर्च टेस्ट करा, कारण त्यातच सापडतं."

नाही सापडत. टॉर्च म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला अशा काही संसर्गांची रक्ततपासणी. त्यातल्या आयजीजी या अँटीबॉडीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे तो संसर्ग कधीतरी होऊन गेला. रुबेलाचा तर लसीमुळेही येतो. म्हणून वारंवार गर्भपातासाठी ही तपासणी सुचवली जात नाही. सहसा पाहतात ते रक्त गोठण्याशी संबंधित अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीज (पॉझिटिव्ह आल्या तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा), थायरॉईड आणि सोनोग्राफीत गर्भाशयाचा आकार. पडलेल्या गर्भाची गुणसूत्र तपासणीही बऱ्याचदा करतात.

पण त्याआधी पाळीचं विचारायला हवं. माझ्याकडे एक ताई टॉर्चचे तीन रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. पूर्वी पाळी पाच दिवस चालायची. दुसऱ्या गर्भपातानंतर क्युरेटिंग झालं आणि तेव्हापासून दीड दिवस, नुसते डाग. हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दुर्बिणीतून पाहिलं तर गर्भाशयाच्या आत चिकटे होते, ते सोडवले. चिकट्यांमुळे पहिले दोन गर्भपात झाले असं मात्र म्हणता येत नाही, चिकटे नंतरचे.

पाळी ४५ दिवसांनी येत असेल तर तेही सांगा, थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन या हार्मोनकडे लक्ष जातं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथून काढून टाका.