सहा हजार सत्तर अंशांवर तापवा

परवा मला तर्रीशिवाय पोहे देण्यात आले. नागपूरबाहेरच्यांना यातला अपमान कळणार नाही, म्हणून सांगतो: आमच्याकडे कोरडे पोहे आजाऱ्याला देतात किंवा नको असलेल्या माणसाला. माझी तब्येत उत्तम होती. बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल म्हणून गेलो होतो. पहिली बॅच आटोपेपर्यंत ऑफिसात तक्रार पोचली होती, की ‘एक्स्टर्नल सर लिहिलेल्यातलंच विचारून राहिले.’

पोर्शनबाहेरचं विचारलं असं कोणी म्हटलं असतं तर समजू शकलो असतो. इथे गुन्हा उलटा होता. पोराने स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या जर्नलमध्ये, निळ्या शाईने जे लिहिलंय त्यावर बोट ठेवून मी ‘हे काय?’ म्हणालो होतो.

प्रयोग सगळ्यांच्या ओळखीचा: पोटॅशियम परमँगनेटचं द्रावण किती तीव्र आहे ते काढायचं. पिपेटने १० मिली ऑक्झॅलिक ॲसिड कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात एक टेस्ट ट्यूब डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड ओतायचं, ६०-७० अंशांपर्यंत गरम करायचं आणि गरम असतानाच ब्युरेटमधून परमँगनेट सोडत, फ्लास्क हलवत राहायचं. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं, तो एंड पॉइंट. वेगळा इंडिकेटर लागत नाही, परमँगनेटचा रंगच ते काम करतो. इतकं साधं आहे.

पहिल्याच मुलाच्या जर्नलमध्ये सुरेख अक्षरात लिहिलं होतं: ‘द्रावण ६०७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा.’ साठ आणि सत्तरच्या मधली ती बारकी आडवी रेघ कुठल्या तरी बाकावर, कुठल्या तरी वर्षी सांडली असावी. त्यानंतर ज्याने ज्याने उतरवलं त्याने ते इमानेइतबारे उतरवलं.

‘किती अंश?’ मी विचारलं.

‘सहा हजार सत्तर, सर.’ आवाजात दमदारपणा होता.

‘सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साडेपाच हजारांच्या आसपास असतं.’

‘हो सर.’

‘म्हणजे हा फ्लास्क सूर्यापेक्षा गरम?’

मुलाने क्षणभर विचार केला. ‘थोडा जास्त, सर.’

इथे लॅबवाल्या काकांची ओळख करून देणं भाग आहे. ते माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे उभे होते. त्यांच्या मते मला दिसणार नाही अशा जागी. पण समोर बाटल्यांचं काचेचं कपाट होतं आणि त्यात काका नखशिखांत दिसत होते. माझ्या प्रश्नावर ते मुलाला खाणाखुणांनी उत्तरं पुरवत होते. सहा हजारांवर त्यांनी कपाळाला हात लावला आणि दोन्ही हातांनी हवेत एक छोटी आडवी रेघ ओढून दाखवली. मुलाला वाटलं, विषय कट करायला सांगताहेत. तो गप्प बसला.

मी पुढे गेलो. ‘बरं, मुळात तापवायचं कशाला?’

काचेतले काका हाताचा पंजा तोंडासमोर पंख्यासारखा हलवू लागले. गरम, गरम! थंड असलं की रिॲक्शन रेंगाळते, असं त्यांना म्हणायचं असावं, कारण नंतर त्यांनी गोगलगायीच्या चालीने दोन बोटं टेबलावरून नेली. मुलाने हे सगळं भक्तिभावाने पाहिलं आणि म्हणाला, ‘सर, फुंकर मारायची.’

काकांनी भिंतीकडे तोंड केलं.

उत्तर असं आहे. थंड द्रावणात ही रिॲक्शन सुरुवातीला फार सावकाश चालते. पहिले थेंब टाकले की गुलाबी रंग तसाच टिकून राहतो. पोरगं समजतं एंड पॉइंट आला आणि रीडिंग लिहितं ०.२ मिली. गरम केल्यावर तो रंग झटकन जातो. एकदा थोडं मँगनीज आयन तयार झालं की तेच पुढच्या रिॲक्शनला वेग देतं, म्हणून नंतरचे थेंब पहिल्यापेक्षा पटापट विरतात. आता कोणी म्हणेल, मग उकळूनच घ्या की. तर खूप तापवलं की थोडं ऑक्झॅलिक ॲसिड स्वतःच मोडतं आणि रीडिंग कमी येतं. साठ ते सत्तर ही दोन्हीकडून आवळलेली जागा आहे. ज्याने प्रयोग केलाय तो हा आकडा विसरला तरी म्हणतो, ‘सर, फ्लास्कचा गळा धरवतो पण बूड धरवत नाही, तेवढं.’ मी याला पूर्ण मार्क देतो. थर्मामीटर असतो कुठे वर्गात? एक असतो, तोही कपाटात, आणि कपाटाची किल्ली रजेवर.

यालाच ओरल म्हणतात. उत्तर काय, ते जर्नलमध्ये आहेच. मला विचारायचं असतं, की तसं नसतं केलं तर डोळ्यांना काय दिसलं असतं. नेमका तिथेच नक्कल केलेला मजकूर हातपाय गाळतो. जर्नलमध्ये आपण फक्त बरोबर झालेलं लिहितो. बिघडलेलं, सांडलेलं, पुन्हा केलेलं कोणी लिहीत नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या जर्नलमधून ते उतरत नाही, आणि मी विचारतो ते नेमकं तेच.

उदाहरण देतो. ‘सल्फ्युरिकच का? हायड्रोक्लोरिक शेल्फवर शेजारीच उभं आहे.’ पाठ केलेला मुलगा म्हणतो, ‘सर, सल्फ्युरिक योग्य असते.’ पुन्हा विचारलं तर तेच वाक्य थोड्या मोठ्या आवाजात. आवाज वाढवल्याने कारण सापडत नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. खरं कारण रीडिंगमध्ये असतं. हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेटचा काही भाग त्यातल्या क्लोराइडवर खर्च होतो, म्हणजे रीडिंग वाढतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडायझर, ते परमँगनेटच्या वाट्याचं काम करून टाकतं, म्हणजे रीडिंग घटतं. आणि ॲसिड घालायलाच विसरलात तर? समजलेला मुलगा इथे हसतो. कारण फ्लास्कमध्ये चहासारखा तपकिरी गढूळपणा येतो, मँगनीज डायऑक्साइडचा, आणि तो जवळजवळ प्रत्येकाने एकदा तरी करून गुपचूप बेसिनमध्ये ओतलेला असतो. त्या हसण्याची नक्कल करता येत नाही.

मग हिशेब. परमँगनेट पाच इलेक्ट्रॉन घेतं, ऑक्झॅलेट दोन देतं. म्हणून ऑक्झॅलिकची मोलॅरिटी गुणिले आकारमान गुणिले २, बरोबर परमँगनेटची मोलॅरिटी गुणिले आकारमान गुणिले ५. ऑक्झॅलिक ०.०५ मोलर, १० मिली. डावीकडे २ गुणिले ०.०५ गुणिले १०, म्हणजे नेमका १ येतो. ब्युरेट रीडिंग १० मिली आलं तर उजवीकडे मोलॅरिटी गुणिले ५०, म्हणून मोलॅरिटी ०.०२. परमँगनेटचं मोलर वस्तुमान १५८, गुणाकार केला की लिटरला ३.१६ ग्रॅम. हे सगळ्यांच्या जर्नलमध्ये शेवटच्या अंकापर्यंत होतं.

मी एकच गोष्ट बदलली. ‘तुझं रीडिंग १० ऐवजी २० आलं असतं, तर?’

‘तरी ३.१६च येते, सर.’

‘कसं काय?’

‘तसंच लिहून आहे ना, सर.’

काचेत काका दोन्ही हातांनी अर्धं अर्धं दाखवत होते, कोंबडी कापल्यासारखं. दुप्पट लागलं म्हणजे द्रावण निम्म्या ताकदीचं, म्हणून १.५८. काका हे शिकवून निवृत्त व्हायला हवे होते, नेमणूक भलत्याच पदावर झाली.

घाबरलेला मुलगा आणि उतरवलेला मुलगा, दोघेही सुरुवातीला सारखेच दिसतात, हे मला मान्य आहे. घशाला कोरड, डोळे छताला. फरक काढायचा तर तोंडी प्रश्न थांबवून हातात ब्युरेट द्यावी. ‘वाच.’ घाबरलेला आपोआप डोळा द्रावणाच्या पातळीला आणतो आणि वरची कड वाचतो, कारण परमँगनेट इतकं गर्द असतं की खालची कड दिसतच नाही. मग त्याला बोलायला सुचतं. दुसरा उभ्या उभ्या खालची वक्र कड शोधत बसतो, कारण पाण्याच्या धड्यात तसं होतं.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर कदाचित तर्री मिळाली असती. पण शेवटून दुसरी मुलगी आली. तिची बोटं तपकिरी, जर्नलच्या पानावर तपकिरी डाग. परमँगनेटचे डाग असेच पडतात आणि ऑक्झॅलिकने निघतात. तिची रीडिंग्ज होती ९.९, १०.० आणि ९.९. मी विचारलं, ‘मधलं वेगळं का?’

‘सर, शेवटचा थेंब जास्तीचा पडला. रंग जरा गडद झाला होता.’

एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. ब्युरेट ०.१ पर्यंत वाचते. एखाद-दोन थेंबांनी दशांश पुढे सरकणारच. हे तिने पाहिलं होतं, आणि पाहिलेलं लिहिलं होतं. काचेतले काका या वेळी काहीच करत नव्हते, हाताची घडी घालून उभे होते.

मार्क भरताना इंटर्नल सर हळूच म्हणाले, ‘सर, हिचं कॉन्स्टंट नाही हो. बाकीच्यांचं बघा, १०.०, १०.०, १०.०. किती क्लीन!’

वर्गातल्या सगळ्या ब्युरेट, सगळे हात, सगळे थेंब, आणि तीनदा १०.०. मी म्हणालो, हे क्लीन नाही, हे धुतलेलं आहे. ते म्हणाले, ‘राजेहो, आपल्याला काय करायचं, पोरं पास झाली पाहिजेत.’ झाली पाहिजेत, कोण नाही म्हणतंय? पण मग मला सकाळी सातला नागपूरच्या महाल भागातून इतक्या लांब बोलावता कशाला, सही घरपोच नेली असती तरी चाललं असतं. त्या मुलीला मी ओरलचे पूर्ण दिले. त्यांनी शीट ओढून घेतली, चष्मा वर केला आणि जर्नलच्या रकान्याकडे बोट दाखवलं. तिथे नीटनेटकेपणाचा एक मार्क आधीच कापलेला होता, डागासाठी.