‘एक मिनिटही नको’ म्हणणाऱ्या कार्डाला उत्तर

«दोन वर्षांच्या आत मोबाइल दाखवलात? मेंदूचं कायमचं नुकसान झालंच समजा. यालाच ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ म्हणतात. आणि हो, व्हिडिओ कॉलसुद्धा विषच!»

हा झाला त्या कार्डावरचा मजकूर. आधी व्हिडिओ कॉल, कारण गोव्यात हा मुद्दा जास्त टोचतो. कितीतरी घरांत बाप बोटीवर असतो, नाहीतर आखातात. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स दोन वर्षांखाली स्क्रीन नको म्हणते, पण नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉलला सूट देते. पप्पा पलीकडून हाक मारतो, बाळ हसलं की तोही हसतो. कार्टून हे कधीच करत नाही. शेजारी बसून ‘बघ, पप्पा टोपी दाखवतोय’ असं सांगणारं कुणीतरी मात्र हवं.

‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हे कुठलंही मान्यताप्राप्त निदान नाही. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो. मोबाइलमुळे तो होतो असं सिद्ध झालेलं नाही. उलट या शब्दाचा धोका असा की, मोबाइल बंद केला की मूल बरं होईल म्हणून लोक वर्षभर वाट पाहतात. वर्षाचं मूल हाकेला वळून बघत नसेल, दीड वर्षाचं बोट दाखवत नसेल किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर घरी मोबाइल असो-नसो, मुलांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा.

राहिलं कायमचं नुकसान. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दोन वर्षांखाली स्क्रीन नको आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं सुचवलं. त्यासाठीचा पुरावा कमकुवत आहे, हेही त्यांनीच नोंदवलं. जास्त स्क्रीन आणि उशिरा बोलणं यांचा संबंध अभ्यासांत दिसतो. पण कशामुळे काय होतं, ते सोडवणं कठीण. शिवाय स्क्रीनच्या वेळात गप्पा, रांगणं, झोप राहून जाते.

आमच्याकडचंच सांगते. वीस महिन्यांचा भाचा तिन्ही जेवणांना मोबाइल बघत जेवायचा. पेजेचा चमचा आला की तोंड उघडायचं, नजर स्क्रीनवरच. पोट भरलं तरी कळायचं नाही. वहिनीने तिन्ही एकदम तोडली नाहीत. फक्त सकाळची पेज सोप्यावर नेली, वाटी त्याच्याच हातात दिली आणि मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला ठेवला. पहिले तीन-चार दिवस रडारड झाली, निम्मी पेज फरशीवर. आजी म्हणाली, ‘पोर उपाशी राहील गो!’ राहिलं नाही. दुपारी भरपूर जेवायचं. आठवड्याभराने पेज खाता खाता माडावरच्या कावळ्याकडे बोट दाखवून ‘काव’ म्हणायला लागला. मग दुपारचं जेवण. रात्रीचा मोबाइल अजून सुटलेला नाही, कारण वहिनी कामावरून सातला येते आणि तेव्हा तिला भात टाकायचा असतो.