अमेरिकेला शिकायला जाणाऱ्यांच्या औषधांबद्दल खुलासा

"वर्षभराची औषधं सोबत न्या. वजन वाचवायला गोळ्या पाकिटातून काढून एका डब्यात भरा आणि मोठ्या बॅगेत टाका."

कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर फिरणारा हा सल्ला अमेरिकेसाठी चुकीचा आहे. तिथल्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सूचनेनुसार स्वतःपुरती साधारण ९० दिवसांची औषधं न्यावीत, तीही मूळ पाकिटात, इंग्रजी प्रिस्क्रिप्शन किंवा डॉक्टरांच्या पत्रासह. सुट्ट्या गोळ्यांवरून त्या कसल्या हे अधिकाऱ्याला कळणार कसं?

माझ्या भाचीची बॅग परवाच राजारामपुरीत भरली. थायरॉईडची रोज एक, म्हणून ९० गोळ्या. दम्याचा इन्हेलर २०० पफचा. तिला रोज दोन लागतात, म्हणजे एकच पुरतो. डॉक्टरांकडून पत्रावर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घेतलं, कारण आपले ब्रँड तिथल्या फार्मसीत कुणाला माहीत नसतात. मूळ नावंही कधी बदलतात: आपलं पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन, सालब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल.

हे सगळं पासपोर्ट आणि आय-२० सोबत हातातल्या बॅगेत ठेवलं. मोठी बॅग मुंबईत किंवा मधल्या विमानतळावर मागे राहिली, तर तिच्यात इन्हेलर असून काय उपयोग?

घरातलं कोडीन असलेलं खोकल्याचं उरलेलं औषध किंवा ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी सहज म्हणून बॅगेत टाकू नका. तिथे ती नियंत्रित औषधं आहेत.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.