पहिल्या नोकरीचं घड्याळ आणि त्यासोबतची चिठ्ठी

मुलाला पहिली नोकरी लागली म्हणून घरून मनगटी घड्याळ दिलं जातं, तेव्हा डबीत बहुतेक वेळा एक छोटी चिठ्ठीही असते. अशा चिठ्ठ्यांबद्दल माझं मत ठाम आहे. त्यात वेळेचं महत्त्व, शिस्त, कष्ट, यश यांतलं काहीही असू नये. ज्या मुलाने अभ्यास केला, मुलाखती दिल्या, नकार पचवले आणि शेवटी नोकरी मिळवली, त्याला वेळेची किंमत कळलेली असते. ती त्याला पुन्हा सांगणं म्हणजे त्याने आत्ताच जे करून दाखवलं त्यावर अविश्वास दाखवणं. चिठ्ठी घड्याळाबद्दल असावी. हे घड्याळ कसं चालतं, कसं वापरायचं, काय झालं तर घाबरायचं नाही आणि काय झालं तर लगेच दाखवायचं, एवढं त्यात लिहावं. प्रेम एका ओळीत लिहावं आणि सही करावी.

त्याचं कारण अगदी व्यवहारातलं आहे. उपदेशाची चिठ्ठी एकदा वाचून डबीत जाते. घड्याळ थांबलं, तारीख चुकली, काचेखाली धुकं दिसलं की मूल डबी उघडून कोणती चिठ्ठी शोधेल याचा विचार करा. जी चिठ्ठी उपयोगाला येते ती पुन्हा पुन्हा वाचली जाते, आणि दर वेळी शेवटची प्रेमाची ओळही वाचली जाते.

मी मुलाला चावीचं घड्याळ दिलं, बॅटरीवर न चालणारं. त्यासोबत लिहिलेली चिठ्ठी त्याच्या परवानगीने इथे देते:

«हे तुझ्या पहिल्या नोकरीचं घड्याळ. यात बॅटरी नाही, रोज चावी द्यावी लागते. सकाळी मनगटावर बांधायच्या आधी दे. चावी अडली की थांब, पुढे जोर लावू नकोस. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख बदलू नकोस. हात धुताना असू दे. अंघोळीला आणि पोहायला जाताना काढून ठेव. लॅपटॉप, स्पीकर, फोन यांच्यावर ठेवू नकोस. दिवसाला दहा-पंधरा सेकंद मागेपुढे होईल, तो बिघाड नव्हे. मिनिटं सरकायला लागली तर दाखवून घे. ओरखडे पडतील, पडू देत. हरवलं तर लपवू नकोस, आधी मला सांग. तुला हे देताना मला फार फार आनंद होतोय. – आई»

बस, एवढंच. यातलं प्रत्येक वाक्य का आहे ते सांगते.

चावीच्या घड्याळात एक लांब पातळ स्प्रिंग गोल गुंडाळलेली असते. आपण चावी फिरवतो तेव्हा ती घट्ट होते, आणि दिवसभर हळूहळू सुटत काटे चालवते. पूर्ण चावी दिलेलं साधारण घड्याळ सुमारे ४० तास चालतं. म्हणजे रोज एकदा चावी दिली की पुरेसं होतं आणि एखादी सकाळ पाच-सहा तास उशिरा उजाडली तरी ते बंद पडत नाही. सकाळीच द्यायची, कारण मग ती लक्षात राहते, आणि दिवसभर स्प्रिंग भरलेली असल्याने चालही जास्त एकसारखी राहते. मनगटावरून काढून द्यायची, कारण घातलेल्या घड्याळाची चावी बोट वाकवून फिरवताना तिच्या दांड्यावर तिरका जोर येतो. दांडा बारीक असतो, असा जोर रोज आला तर तो झिजतो. चावी अडते तेव्हा स्प्रिंग पूर्ण भरलेली असते. तिथे जोर लावला तर स्प्रिंग किंवा तिची पकड तुटू शकते. आपोआप चावी भरणाऱ्या घड्याळात मात्र स्प्रिंगचं टोक तिच्या डबीच्या आतल्या भिंतीवरून सरकतं, त्यामुळे तिथे अशी अडण्याची जाणीव होत नाही. हा फरक चिठ्ठीत एका वाक्यात यायलाच हवा, नाहीतर घरातल्या दुसऱ्या घड्याळाची सवय याला लागते.

तारखेचं वाक्य सगळ्यांत जास्त चुकवलं जातं, म्हणून त्यावर थोडं थांबते. रात्री १२ वाजता तारीख उडी मारून बदलते असं वाटतं, पण पुष्कळ घड्याळांत आतलं चाक रात्री ९च्या सुमाराला तारखेच्या चकतीच्या दातांत अडकतं आणि पहाटे ३पर्यंत सुटतं. त्या वेळात चावी मधल्या टप्प्यावर ओढून तारीख फिरवली की दोन्ही बाजूंनी एकाच दातावर जोर येतो. दात वाकतो किंवा तुटतो, आणि मग तारीख अर्धवट अडकून राहते.

समजा, सुट्टीत दोन दिवस चावी द्यायची राहिली आणि घड्याळ बंद पडलं. आज १७ तारीख, सकाळचे ८ वाजलेत. काटे १० वर थांबलेत, पण ते सकाळचे १० की रात्रीचे हे तबकडीवरून कळत नाही. तेव्हा आधी चावी द्यायची. मग ती पूर्ण बाहेर ओढून काटे पुढच्याच दिशेने फिरवत साडेसहाला आणायचे. दोन्ही काटे खाली आले की ते त्या धोक्याच्या पट्ट्याबाहेर असतात, मग दिवस असो की रात्र. आता चावी मधल्या टप्प्यावर ढकलून तारीख १६ लावायची, आजची नाही, कालची. पुन्हा पूर्ण ओढून काटे पुढे फिरवत राहायचं, तारीख १७ होईपर्यंत. ती झाली की आपण मध्यरात्र ओलांडली हे नक्की, आणि तिथून पुढे सकाळच्या ८वर आणून चावी आत ढकलायची. असं लावलेलं घड्याळ भर दुपारी १२ वाजता तारीख बदलत नाही. तारखेची चकती ३१ची असते, त्यामुळे ३० दिवसांच्या महिन्यांनंतर आणि फेब्रुवारीनंतर, म्हणजे वर्षातून ५ वेळा, १ तारखेला ती हाताने पुढे करावी लागते. तेही सकाळी चावी देतानाच.

पाण्याच्या बाबतीत मागच्या झाकणावरचे आकडे फसवतात. ‘३० मीटर’ लिहिलेलं घड्याळ घालून ३० मीटर सोडाच, तलावातही उतरू नये. तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा असतो. हात धुताना उडालेलं पाणी, पावसाचे थेंब इतपत ते सोसतं. गरम पाण्याची वाफ त्याहून वाईट, कारण चावीजवळचं आणि झाकणाखालचं रबर उष्णतेने आणि वयाने कडक होतं आणि फट पडते. काचेच्या आतून धुकं दिसलं तर ते आपोआप गेलं म्हणून सोडून द्यायचं नाही. आत शिरलेला ओलावा धुकं गेल्यावरही लोखंडी भागांवर गंज चढवत राहतो. त्याच दिवशी उघडून वाळवून घ्यायला द्यायचं. केस वाळवायच्या यंत्राने घरी गरम हवा मारणं हा उपाय नाही, त्याने तेल आणि रबर दोन्ही बिघडतात.

लॅपटॉपचं वाक्य खरंच कामाला आलं. नोकरी लागल्यावर काही आठवड्यांनी मुलाचा फोन आला, ‘‘आई, घड्याळ पुढे पळतंय. सकाळी लावलं तर संध्याकाळी काही मिनिटं पुढे असतं.’’ मी विचारलं, पडलं होतं का, पाणी गेलं होतं का. दोन्ही नाही. मग विचारलं, रात्री कुठे ठेवतोस. तो म्हणाला, बंद लॅपटॉपवर, म्हणजे सकाळी सापडतं. मी म्हटलं, चिठ्ठी काढून वाच. तो दोन मिनिटं गप्प आणि मग, ‘‘हो गं, लिहिलंयस तू.’’

झालं असं होतं. लॅपटॉपच्या झाकणात आणि स्पीकरमध्ये चुंबकं असतात. घड्याळाच्या आत केसासारखी बारीक गुंडाळी असते, तिच्या आकुंचन-प्रसरणावर सगळी वेळ ठरते. तिच्यात चुंबकत्व शिरलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, गुंडाळी जणू आखूड होते, आणि तिला जोडलेलं चाक भराभर डुलायला लागतं. म्हणून एकाएकी काही मिनिटं पुढे जाणं ही चुंबकाची ठळक खूण. घरी पडताळायचं तर साधं होकायंत्र टेबलावर ठेवून घड्याळ हळूच जवळ न्यायचं. सुई वळली किंवा थरथरली तर शंका पक्की. दुरुस्ती करणाऱ्याकडे चुंबकत्व काढायचं छोटं यंत्र असतं, काही सेकंदांचं काम, घड्याळ उघडावंही लागत नाही. मुलाने तेच करून घेतलं आणि चाल पूर्वीसारखी झाली. घड्याळ हळूहळू मागे पडायला लागलं किंवा चावी दिल्यावर पूर्वीपेक्षा लवकर बंद पडायला लागलं, तर गोष्ट वेगळी. तिथे तेल सुकलेलं असतं आणि सफाई करून घ्यावी लागते. साधारण पाच वर्षांनी एकदा ती करावीच.

दहा-पंधरा सेकंदांचं वाक्य मी मुद्दाम ठेवलं. फोनची वेळ पाहत वाढलेल्या मुलाला वाटतं की रोज चुकणारी वस्तू बिघडलेली असते. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्यात १० सेकंदांची चूक म्हणजे ९९.९८ टक्क्यांहून जास्त अचूकता, आणि तीही नुसत्या स्प्रिंगच्या आणि चाकांच्या जोरावर. अधिकृत स्विस प्रमाणपत्र मिळालेल्या महागड्या यंत्रालाही दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे इतकी सूट असते. हे आधीच सांगितलं नाही तर मूल पहिल्या महिन्यातच ‘खराब आहे’ म्हणून ते कपाटात ठेवून देतं.

आणि ओरखड्यांचं, हरवण्याचं वाक्य. हे माझ्या मते चिठ्ठीतलं सगळ्यांत गरजेचं वाक्य आहे, आणि बहुतेक जण नेमकं तेच लिहीत नाहीत. उलट ‘जपून ठेव, ही आठवण आहे’ असं लिहितात. मग मुलगा ते घालतच नाही, लग्नकार्यापुरतं काढतो. किंवा पहिला ओरखडा पडला की आईला दिसू नये म्हणून मनगट लपवतो. बसच्या दांड्याला, टेबलाच्या कडेला घड्याळ घासणारच. प्लास्टिकची काच असेल तर बारीक ओरखडे घासून जातात, खनिज काचेचे जात नाहीत पण काच बदलता येते. दुरुस्त होणाऱ्या गोष्टीची भीती भेटवस्तूसोबत देऊ नये.

तुम्ही बॅटरीचं घड्याळ देणार असाल तर चिठ्ठी आणखी लहान होईल. चावीचं वाक्य काढा आणि त्या जागी हे लिहा: सेकंद काटा एकेक सेकंद सोडून चार-चार सेकंदांच्या उड्या मारायला लागला, तर पुष्कळ घड्याळांत तो सेल संपत आल्याचा इशारा असतो, लगेच बदलून घे. बंद पडलेल्या घड्याळात जुना सेल महिनोन्महिने तसाच ठेवू नकोस, तो पाझरला तर आतलं यंत्र खातो. तारखेचं आणि पाण्याचं वाक्य मात्र तसंच राहू द्या, ते दोन्हींना लागू आहे. चुंबकाचंही राहू द्या. बॅटरीचं काट्यांचं घड्याळ जोरदार चुंबकाजवळ थांबू शकतं, पण लांब नेल्यावर बहुधा पुन्हा चालू होतं, फक्त वेळ लावून घ्यावी लागते.